हलालचे नियम: कारणे श्रद्धेची, पडताळणी शरीरशास्त्राची

जत्रेत बकरे कापायची वेळ आली की पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत आधी मुलाण्याला निरोप जातो. खाणारे घर कोणाचेही असो, सुरी मुलाणी फिरवणार, ही गावगाड्याची जुनी रीत. तो बकऱ्याला आडवे करतो, ‘बिस्मिल्ला’ म्हणतो, गळ्यावरून सुरी ओढतो आणि रक्त वाहून जाईपर्यंत थांबतो. त्यानंतरच सोलणे सुरू होते. ‘हलाल करणे’ हा शब्द मराठीत इतका रुळला तो या रीतीमुळेच.

पण गळाच का? एका फटक्यात मुंडके वेगळे का करायचे नाही? रक्त का वाहू द्यायचे? असे विचारले की बहुतेकदा उत्तर मिळते, ‘आरोग्यासाठी.’ रक्तात जंतू असतात, ते निघून जातात, मांस शुद्ध होते, असे सांगितले जाते. कोणी म्हणतो, जनावराला काही कळतच नाही. समोरचा तितक्याच ठामपणे म्हणतो, ते तडफडून मरते. हे नियम मुळात कोणत्या कारणांसाठी घातले गेले आणि आरोग्याची कारणे म्हणून जे सांगितले जाते त्यातले किती खरे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. ते वेगळेच तपासले तर बराच गोंधळ मिटतो.

ग्रंथ काय सांगतो

कुरआनच्या पाचव्या अध्यायात, ‘अल-माइदा’मध्ये, न खाण्याच्या गोष्टींची यादी आहे. आपोआप मेलेले जनावर, रक्त, डुकराचे मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्या कोणाच्या नावाने कापलेले जनावर त्या यादीत येते. पुढे मरणाचे प्रकारही सांगितले आहेत: गळा आवळून मेलेले, मार लागून मेलेले, उंचावरून पडून मेलेले, दुसऱ्या जनावराच्या शिंगाने मेलेले, हिंस्र श्वापदाने फाडलेले. यांतले एखादे जनावर जिवंत असताना हाती लागले आणि रीतसर कापले, तर ते चालते. सहाव्या अध्यायात रक्ताबद्दल आणखी नेमकेपणा आहे. तिथे मनाई आहे ती वाहत्या रक्ताला. मांसात किंवा शिरांत राहिलेल्या थोड्या अंशाला ती लागू होत नाही, असा अर्थ धर्मशास्त्री काढतात.

या नियमांमागे परंपरेने तीन कारणे दिली आहेत. पहिले परवानगीचे. जीव देणारा ईश्वर आहे, माणसाला तो स्वतःच्या मर्जीने घेण्याचा हक्क नाही. अन्नासाठी तो घ्यायचा तर ज्याने दिला त्याचे नाव घेऊनच घ्यायचा. दुसरे कारण शुद्धतेचे. मुर्दार आणि वाहते रक्त अपवित्र मानले आहे, म्हणून मरण सुरीनेच यायला हवे आणि रक्त बाहेर पडायला हवे. तिसरे कारण दयेचे. प्रत्येक काम उत्तम रीतीने करणे बंधनकारक आहे, म्हणून कापायचे तर नीट कापावे, पाते धारदार असावे आणि जनावराचा त्रास लवकर संपावा, असे प्रेषितांचे सांगणे ‘सहीह मुस्लिम’ या हदीस-संग्रहात नोंदलेले आहे. जनावरासमोर सुरीला धार लावू नये, एकासमोर दुसरे कापू नये, त्याला फरफटत नेऊ नये, ही पथ्ये याच कारणातून आली.

या तिन्हींत जंतूंचा उल्लेख नाही, आणि तो असण्याचे कारणही नव्हते. जंतूंमुळे रोग होतात हे एकोणिसाव्या शतकात सिद्ध झाले. आरोग्याचे समर्थन नंतर जोडले गेले. म्हणून ते चुकीचे ठरत नाही, पण प्रत्येक दावा वेगळा तपासावा लागतो.

सुरी नेमके काय कापते

शास्त्रोक्त रीतीत गळ्याच्या पुढच्या बाजूने चार गोष्टी कापल्या जातात: श्वासनलिका, अन्ननलिका आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या रक्तवाहिन्या. या चारांपैकी किमान तीन कापल्या गेल्या पाहिजेत, असे हनफी परंपरा मानते. भारतातले बहुसंख्य मुस्लिम याच परंपरेचे. शाफई परंपरेत श्वासनलिका आणि अन्ननलिका कापणे आवश्यक धरले आहे, तर मालिकी परंपरेचा भर श्वासनलिका आणि दोन्ही रक्तवाहिन्यांवर आहे. पण चारही कापणे उत्तम, यावर सगळ्यांचे एकमत आहे.

सुरी मानेच्या मणक्यापर्यंत नेऊन मज्जारज्जू तोडणे किंवा जीव जाण्याआधी मुंडके वेगळे करणे अप्रशस्त मानले आहे, कारण तो जनावराला दिलेला जादा त्रास ठरतो. यासाठी ‘मज्जारज्जू तुटला तर हृदय थांबते आणि रक्त बाहेर येत नाही’ असेही एक ‘वैज्ञानिक’ कारण हमखास सांगितले जाते. ते बरोबर नाही. हृदयाचे ठोके हृदयातल्याच पेशींच्या एका पुंजक्यातून सुरू होतात. मेंदूकडून येणाऱ्या नसा त्यांचा वेग कमी-जास्त करतात, एवढेच. हृदयप्रत्यारोपणात या नसा तुटतात, तरीही नवे हृदय धडधडत राहते.

मज्जारज्जू न तोडण्याचा एक फायदा मात्र खरा आहे. तो तुटला की धड लुळे पडते, छातीचे स्नायू थांबतात आणि जनावर शांत झाल्यासारखे दिसते. पण मेंदूला रक्त मिळत असेल तर ते त्या क्षणी शुद्धीवर असू शकते. बघणाऱ्याला वाटते संपले, आणि जनावराला अजून कळत असते. मज्जारज्जू शाबूत असेल तर ही फसगत होत नाही.

रक्त, जंतू आणि ताटातला लाल रस

तीस किलोच्या बकऱ्याच्या अंगात साधारण दोन लिटर रक्त असते. गळा नीट कापला की त्यातले अंदाजे निम्मे बाहेर पडते. उरलेले मुख्यतः यकृत, फुफ्फुसे, प्लीहा अशा अवयवांत राहते. खाण्याच्या मांसात, म्हणजे स्नायूंत, त्याचा अगदी थोडा अंश असतो. मटण धुताना येणारे लाल पाणी पाहून ‘रक्त राहिले’ असे अनेकांना वाटते. तो लाल रंग बहुतांशी मायोग्लोबिनचा असतो. ऑक्सिजन साठवणारे हे प्रथिन स्नायूंतच असते, आणि कितीही रक्त वाहिले तरी ते तिथेच राहते.

निरोगी जनावराचे रक्त जंतूंनी भरलेले नसते, ते जवळजवळ निर्जंतुक असते. मांसावरचे जंतू येतात कातड्यावरच्या शेणामातीतून, फाटलेल्या आतड्यातून, खाटकाच्या हातातून, सुरीतून आणि ओट्यावरून. रक्त हे जंतूंचे आवडते खाद्य असल्याने ते मांसावर साचले तर मांस लवकर बिघडते. म्हणजे रक्त नीट वाहू देण्यात फायदा आहेच. पण ‘हलालने जंतू निघून जातात’ हे वाक्य शास्त्राला धरून नाही. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी मेंढ्या आणि गोवंशाच्या जनावरांवर केलेल्या तुलनेत, आधी बेशुद्ध केलेल्या आणि न केलेल्या जनावरांच्या वाहिलेल्या रक्तात सांगण्याजोगा फरक आढळला नाही.

मांसाच्या प्रतीवर खरा परिणाम करणारा नियम वेगळाच आहे, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो म्हणजे जनावराला शांत ठेवण्याचा. मेल्यानंतर स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेचे, ग्लायकोजेनचे, लॅक्टिक आम्ल होते. त्यामुळे मांसाचा सामू सातच्या आसपासवरून साडेपाचपर्यंत उतरतो. या आंबटपणात जंतू सावकाश वाढतात. तासन्‌तास ट्रकमध्ये कोंबलेल्या, घाबरलेल्या, उपाशी जनावराचे ग्लायकोजेन आधीच संपलेले असते. मग आम्ल पुरेसे तयार होत नाही. मांस गडद, कोरडे, चिकट दिसते आणि लवकर खराब होते. दयेसाठी घातलेला नियम खाणाऱ्याच्याही फायद्याचा ठरला, तो असा.

मुर्दार का नको

आरोग्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम ठरतो तो मेलेले जनावर न खाण्याचा नियम. जनावर आपोआप मेले तर ते कशाने मेले हे कळलेले नसते. पोट वेळेवर साफ होत नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात आतड्यातले जंतू काही तासांतच मांसात पसरतात. अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला काळपुळी म्हणतात तो रोग, याचे ठळक उदाहरण. ओडिशाच्या कोरापुट जिल्ह्यात या रोगाच्या साथी पुन्हापुन्हा आल्या आहेत, आणि मेलेली जनावरे सोलणे, कापणे, खाणे हे त्यामागचे नेहमीचे कारण आहे. म्हणूनच अँथ्रॅक्सचा संशय असलेले जनावर उघडूच नये, अशी पशुवैद्यकांची सूचना असते. हवा लागली की त्या जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात.

पण इथेच एक मोठी गल्लत होते. आजारी जनावर मरायच्या आत कापले तर ते धर्माच्या भाषेत मुर्दार ठरत नाही. कापल्यावर ते हलले, रक्त उसळून आले, या खुणांवरून ते जिवंत होते हे ठरवले जाते. हृदय चालू असल्याशिवाय रक्त उसळत नाही, त्यामुळे ही खूण शरीरशास्त्रालाही मान्य आहे. मात्र त्यातून एवढेच कळते की जनावर जिवंत होते. ते निरोगी होते असे त्यातून सिद्ध होत नाही. ‘मरायला टेकले होते, लगेच सुरी फिरवली’ असे जनावर अँथ्रॅक्सचे असेल तर सुरी कोणाचीही असो आणि नाव कोणाचेही घेतलेले असो, धोका तेवढाच असतो. कापण्याआधी आणि कापल्यानंतर पशुवैद्यकाने केलेल्या तपासणीला पर्याय नाही. आजाराने नुकसान होणारे जनावर खाऊ नये, ही भूमिका धर्मशास्त्रींनाही परकी नाही.

जनावराला किती वेळ कळते

सगळ्यात कडवा वाद वेदनेचा. त्याचे उत्तर जनावरागणिक बदलते, आणि कारण मेंदूच्या रक्तपुरवठ्यात आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूला जवळजवळ सगळे रक्त मानेच्या पुढच्या दोन मोठ्या धमन्यांतून मिळते. सुरीने त्या दोन्ही तुटल्या की मेंदूचा पुरवठा एकदम बंद होतो आणि काही सेकंदांत, साधारण दहा-पंधरा सेकंदांच्या आत, शुद्ध हरपते.

गाई-म्हशींच्या कुळात मणक्यांच्या आतून जाणारी धमन्यांची आणखी एक जोडी मेंदूला रक्त पोहोचवते. गळा कापताना ती शाबूत राहते. शिवाय कधीकधी तुटलेल्या धमनीचे टोक आवरणात आखडून घेते, तिथे गुठळी धरते आणि प्रवाह अडतो. रक्तदाब मग हवा तितका झपाट्याने उतरत नाही. त्यामुळे बेशुद्ध न करता कापलेल्या अशा जनावरांना कोसळायला सरासरी वीसेक सेकंद लागतात, आणि काहींना एक मिनिटाहून अधिक. सुरी मानेत थोडी वर, पहिल्या मणक्याच्या पातळीला चालवली तर ही गुठळी कमी वेळा होते, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे.

‘हलालमध्ये वेदना होत नाही’ असे म्हणणारे 1978 सालच्या एका जर्मन अभ्यासाचा दाखला देतात. हॅनोवरच्या विल्हेल्म शुल्झ यांनी मेंढ्या आणि वासरांच्या मेंदूचे विद्युत आलेख काढले होते. सुरीने कापताना त्यांत वेदनेच्या स्पष्ट खुणा दिसल्या नाहीत. परंतु तुलनेसाठी वापरलेले बेशुद्धीचे यंत्र नीट चालले नव्हते आणि त्या काळची आलेखांची साधनेही ढोबळ होती. 2009 साली न्यूझीलंडच्या मॅसी विद्यापीठातील संशोधकांनी हलकी भूल दिलेल्या वासरांवर हाच प्रश्न नव्या साधनांनी तपासला. त्यात गळ्याचा छेद हीच वेदनेची चेतना ठरते, असे आलेखांत दिसले. भूल असल्याने त्या वासरांना प्रत्यक्षात काही जाणवले नाही, पण मेंदूने छेदाची नोंद घेतली होती. म्हणजे शुद्ध हरपेपर्यंतच्या सेकंदांत वेदना होत असण्याची दाट शक्यता आहे. ती किती, हे धार, सफाई आणि जनावराची जात यांवर ठरते.

तडफडणे ही मात्र वेदनेची खूण नव्हे. रक्त गेल्यावर पाय झाडणे ही बहुतेक वेळा मज्जारज्जूची प्रतिक्रिया असते. मेंदू थांबल्यावरही ती होते. शुद्ध आहे की गेली हे पाहायचे तर डोळ्याच्या बाहुलीवरच्या पडद्याला हलकेच स्पर्श करतात. पापणी मिटली किंवा श्वास ठरावीक लयीत चालू राहिला, तर शुद्ध पूर्ण गेली आहे असे धरता येत नाही. मान उचलून उभे राहायची धडपड दिसली तर शुद्ध नक्कीच आहे.

न्यूझीलंडची वाट

मग आधी बेशुद्ध करून का कापत नाहीत? धर्माची अडचण एकाच प्रश्नात आहे: बेशुद्ध करतानाच जनावर मेले तर? मग ते मुर्दार. कवटी फोडून मेंदूत शिरणाऱ्या लोखंडी दांड्याच्या पिस्तुलाला बहुतेक धर्मशास्त्री नकार देतात तो यामुळेच. न्यूझीलंडमध्ये व्यापारी कत्तलखान्यात जनावराला आधी बेशुद्ध करावेच लागते, आणि हा देश मुस्लिम देशांना मोठ्या प्रमाणावर मांस पाठवतो. तिथे यावर तोडगा निघाला तो विजेचा, तोही फक्त डोक्यापुरता.

मेंढी दोन्ही बाजूंनी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यावरून येते. डोक्याच्या दोन बाजूंना विजेची टोके लावून सुमारे एक अँपिअर किंवा जास्त प्रवाह दोन-तीन सेकंद सोडतात. मेंदूत अपस्माराच्या झटक्यासारखी स्थिती होते, शरीर ताठते, श्वास थांबतो आणि शुद्ध तत्क्षणी जाते. प्रवाह छातीतून जात नसल्याने हृदय चालू राहते. लगेच मुस्लिम कामगार अल्लाहचे नाव घेऊन गळा कापतो. हे अंतर काही सेकंदांचेच असावे लागते, कारण बेशुद्धी एक मिनिटही धड टिकत नाही. गोवंशाच्या मोठ्या जनावरात मेंदूचा दुसरा रक्तपुरवठा लक्षात घेऊन गळ्यानंतर छातीतली मोठी रक्तवाहिनीही कापतात.

धर्मशास्त्रींना ही पद्धत पटवून देणारा पुरावा अगदी साधा आहे. वीज दिलेली मेंढी न कापता सोडून दिली तर थोड्याच वेळात श्वास घेऊ लागते आणि काही मिनिटांत उठून चालते. म्हणजे वीज तिला मारत नाही, मारते ती सुरीच. मलेशियासारख्या देशांनी अशी परत शुद्धीवर येऊ देणारी पद्धत अटींसह मान्य केली आहे. पण सगळ्यांनी नाही. विजेचा प्रवाह चुकला तर काही जनावरे मरतात, विशेषतः कोंबड्यांना विजेच्या पाण्यातून नेताना, आणि ती वेगळी काढली जातील याची खात्री कोण देणार, हा आक्षेप रास्त आहे. प्रवाह कमी पडला तर उलटे होते, जनावर हलू शकत नाही पण त्याला कळत असते. दुसरीकडे डेन्मार्कने 2014 साली आणि बेल्जियमच्या दोन प्रांतांनी 2019 साली बेशुद्ध न करता कापण्यावर बंदी घातली. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याचे कलम 28 धर्मानुसार कापण्याला सूट देते. मात्र 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार एका जनावराला दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत कापता येत नाही. हेच पथ्य हलालच्या परंपरेतही आहे.

थोडक्यात, ‘हलाल’ हा शब्द जनावर कोणाच्या नावाने, कोणत्या स्थितीत आणि कशाने मेले हे सांगतो. ते निरोगी होते का, मांस किती वेळ उघड्यावर टांगलेले होते, ओटा धुतला होता का, हे तो सांगत नाही आणि सांगायला तो घडलेलाही नाही. त्यासाठी पशुवैद्यकाचा शिक्का पाहावा, मांसाचा वास आणि चिकटपणा पाहावा, आणि मटण पूर्ण शिजवावे. जनावराच्या बाजूने पाहिले तर सगळा भार सुरीच्या धारेवर आणि ती धरणाऱ्या हातावर येतो. जुना, जाणता मुलाणी सुरीला धार लावायला बकऱ्याकडे पाठ करून बसत असे. शरीरशास्त्राच्या कसोटीवर त्याच्या रीतीतले सगळ्यात नीट उतरणारे पथ्य हेच.